साडेदहाची फुली

रविवार, ६ एप्रिल २०२५. सोनापूर, दुबई

आज रामनवमी, त्यात सुट्टीचा वार. खोलीतले सगळे अजून अंथरुणात आहेत. मी मात्र पहाटे चारलाच जागा झालो, कारण शरीराला सुट्टी कळत नाही. समोर भिंतीवर कॅलेंडर. आजपासून सहा चौकोन कोरे आणि सातव्यात, १२ तारखेला, छापलेलं आहे : चैत्र पौर्णिमा, ज्योतिबा यात्रा. त्याभोवती मी जानेवारीतच लाल गोल करून ठेवलाय.

कॅलेंडर आमच्या गावच्या दूध संस्थेचं. वर ज्योतिबाचा फोटो, खाली चेअरमन आणि संचालकांचे पासपोर्ट साईजचे चेहरे. दर वर्षी जानेवारीत कोण ना कोण सुट्टीवरून परत येतो, त्याच्या बॅगेत गुंडाळी होऊन ते येतं. कॅम्पच्या भिंतीला खिळा मारायला बंदी आहे, म्हणून वेल्डिंगची एक रॉड वाकवून तिचा आकडा केला आणि खिडकीच्या ग्रीलला अडकवला. खोलीत आम्ही सहाजण. देवनागरी वाचणारे दोघेच, मी आणि सिवानचे पंडितजी. एकादशी कधी आहे ते त्यांना माझ्याच कॅलेंडरवर बघावं लागतं. आमच्या अमावास्या-पौर्णिमा त्यांना चालतात, महिना मात्र ते आपल्या मनाने पुढंमागं करून घेतात.

सोनापूर म्हटलं की मुंबईचा माणूस दचकतो. त्यांच्याकडं सोनापूर म्हणजे मसणवटा. इथलं सोनापूर म्हणजे शारजाच्या हद्दीला लागून वसलेली कामगारांची वस्ती. कुठल्या विनोदी माणसानं हे नाव ठेवलं कोण जाणे.

फुली मारायचा माझा एक नेम आहे. रात्री बारा वाजता नाही, साडेदहाला. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं, म्हणजे इथं साडेदहा झाले की कोल्हापुरात तारीख बदललेली असते. घरची तारीख गेली की माझीही गेली, असा हिशेब. दुसरं कारण साधं आहे : अकराला दिवे बंद होतात, आणि पावणेपाचला जबेल अलीची बस असते. बारापर्यंत जागणार कोण?

पहिल्या वर्षी, २०२१ ला, हे कॅलेंडर माझ्याशी जुळतच नव्हतं. त्यावर रविवार तांबडा आणि आमची सुट्टी शुक्रवारी. तांबड्या चौकोनात फुली मारून कामाला जायचं, फार विचित्र वाटायचं. पुढं जानेवारी २०२२ पासून इथल्या सरकारनं आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवारवर आणली, मग आमच्या कंपनीनंही रविवार धरला. एवढ्यानं आनंद व्हावा असं त्यात काही नाही, पण झाला.

दुपारी घरी न्यायचं खोकं भरलं. दोन ब्लँकेट, खजूर, पोरीसाठी रंगपेट्या, दूध पावडरचे दोन डबे. घरात म्हैस असताना दूध पावडर कशाला नेतोस, असं खोलीतल्या निजामाबादवाल्यानं विचारलं. त्याला काय सांगणार? आखातातून आलेल्या माणसाच्या खोक्यात दूध पावडर नसली तर गाव म्हणतं, ह्याचं काही खरं नाही.

साडेदहाला फुली. राहिले पाच.

सोमवार, ७ एप्रिल

आज ऑफिसात बोलावलं होतं. नोटिशीचे तीस दिवस बुधवारी पुरे होतात. टेबलावर एक कागद आला, अर्धा इंग्रजीत, अर्धा अरबीत. खाली सहीची जागा, आणि सहीच्या वर एक ओळ : माझी सर्व देणी मला मिळाली, कंपनीकडं आता काही मागणं नाही.

“साइन करो, पैसा आ जायेगा.”

ही ओळ काय असते हे मला निजामाबादवाल्यानं आधीच शिकवलं होतं. मागच्या कंपनीत त्यानं अशीच सही केली, व्हिसा रद्द झाला, विमानात बसला, आणि ग्रॅच्युइटीचा एक दिरहमही आला नाही. सही दिल्यावर तक्रार करायला तोंडच राहत नाही. म्हणून मी म्हटलं, कागदाचा फोटो काढतो, उद्या येतो. हिशेबनीस माझ्याकडं असं बघू लागला जणू मी त्याच्या घरच्यांबद्दल काही बोललो. पण फोटो काढू दिला.

खोलीत येऊन हिशेब मांडला. तो इथं लिहून ठेवतो, मागून येणाऱ्या कुणाला तरी लागेल.

माझा एकूण पगार २,००० दिरहम, त्यातला मूळ पगार १,२००. बाकीचे भत्ते. शेवटचा हिशेब ह्या मूळ पगारावर होतो, एकूण पगारावर नाही, आणि इथंच पुष्कळांची निराशा होते. मूळ पगार भागिले तीस, म्हणजे दिवसाला ४० दिरहम. ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांपर्यंत दर वर्षाला एकवीस दिवसांची. एकवीस गुणिले ४० म्हणजे ८४०. मी १० एप्रिल २०२१ ला कामावर चढलो, ९ एप्रिल २०२५ ला उतरतो, बरोब्बर चार वर्षं, म्हणजे ३,३६० दिरहम. (चढायला आणखी पंधरा दिवस लागले असते तर चढलोच नसतो. कोरोनामुळं त्याच एप्रिलच्या २४ तारखेला रात्री भारतातून येणारा रस्ता बंद झाला.)

मग राहिलेल्या सुट्ट्या. वर्षाला तीस दिवस, चार वर्षांचे एकशेवीस. मी एकदाच घरी आलो, २०२३ ला, साठ दिवस. राहिले साठ. साठ गुणिले ४०, २,४०० दिरहम. आणि एप्रिलच्या नऊ दिवसांचा पगार, तो मात्र पुऱ्या पगारावर, ६०० दिरहम. सगळे मिळून ६,३६०.

कागदावर होते ५,१६०.

ग्रॅच्युइटी बरोबर, नऊ दिवस बरोबर. सुट्टीच्या रकान्यात मात्र ‘शिल्लक ३०’. म्हणजे त्यांच्या मते मी २०२३ ला नव्वद दिवस घरी होतो. दिरहमला सध्या तेवीस रुपयांच्या वर भाव आहे. बाराशे दिरहम म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस हजार रुपये. आमच्या गोठ्याचा पत्रा तेवढ्यात होतो.

पासपोर्टवरचे शिक्के बघितले असते, पण पासपोर्ट कंपनीकडं. ठेवून घ्यायची कायद्यानं परवानगी नाही हे त्यांनाही माहीत आहे. विचारलं की म्हणतात, जपून ठेवलाय.

पंडितजी म्हणाले, “आपका पुराना कैलेंडर कहाँ है?”

जुनी कॅलेंडरं मी टाकलेली नाहीत. गादीखाली गुंडाळून ठेवलीत, कारण कोपऱ्याकोपऱ्यात ओव्हरटाइमचे तास लिहिलेले असतात. २०२३ चं काढलं. एक एप्रिलला फुली, कोपऱ्यात ‘ओटी २’. दोन एप्रिलपासून सगळं पान कोरं. मे कोरा. एक जूनला फुली, ‘ओटी ०’. घरी असताना फुल्या मारायला इथं कोण होतं? साठ कोरे चौकोन बोट ठेवून मोजले. दोनदा मोजले.

साडेदहाला आजची फुली. राहिले चार.

मंगळवार, ८ एप्रिल

कॅलेंडर हा काही पुरावा नाही. हे मला रात्रीच कळत होतं. माझ्या हातच्या फुल्या, त्या मी काल बसूनही मारू शकतो. पण कुठल्या महिन्याचा कागद शोधायचा ते त्यानं सांगितलं. ऑफिस म्हणतंय मी १ जुलैला कामावर परत चढलो. मी म्हणतोय १ जूनला. मग भांडण फक्त जून २०२३ चं. जूनमध्ये मी इथं होतो आणि काम केलं, तर जूनचा पगार पडलेला असणार. इथं पगार हातात देत नाहीत, सरकारी व्यवस्थेतून खात्यावर पडतो, त्यामुळं मालक आणि कामगार, दोघांनाही तो नाकारता येत नाही.

सकाळी साडेपाचला बसमधून घरी फोन लावला. तिकडं सात वाजलेले, धारा काढून झालेल्या.

“२३ सालाचं कॅलेंडर हाय का गं घरात?”

“हाय की. दुधाचं बिल कसं लावायचं मग? थांबा, बघतो.”

(ती ‘बघतो’च म्हणते. आमच्याकडं बायका आलो, गेलो, बघतो असंच बोलतात. इथल्या एका नाशिकवाल्याला ती माझी चेष्टा करतेय असं वाटायचं.)

दहा मिनिटांत फोटो आला. तेच दूध संस्थेचं कॅलेंडर, तोच चेअरमन. पण तिच्या चौकोनात फुल्या नाहीत. प्रत्येक चौकोनात सकाळचं आणि संध्याकाळचं दूध : स ३॥, सं ३. बुधवार, ३१ मेच्या चौकोनात छापलेलं ‘निर्जला एकादशी’, त्याखाली स ४, सं ३॥, आणि त्याखाली अगदी बारीक अक्षरात ‘ह्यांचं विमान’.

म्हणजे माझ्याकडं जिथं कोरं, तिथं तिच्याकडं दूध लिटर-दोन लिटरनं जास्त. वैरण मी आणत होतो ना त्या दोन महिन्यांत.

बँकेचं ॲप उघडलं. पण ॲपमध्ये इतकं मागचं दिसेना, आणि मेसेज जुन्या फोनबरोबर गेलेले. दुपारच्या सुट्टीत फोरमनला सांगून यार्डाजवळच्या शाखेत गेलो, जून-जुलै २०२३ चं स्टेटमेंट मागितलं. फी लागली, पण कागद मिळाला. जूनचा पगार जुलैच्या पहिल्या आठवड्यात पडलेला, पुरा, वर ओव्हरटाइमसकट. घरी असलेल्या माणसाला ओव्हरटाइम कोण देतं?

संध्याकाळी ऑफिसात स्टेटमेंट ठेवलं. कॅलेंडर पिशवीत होतं, ते बाहेर काढलंच नाही. हिशेबनीसानं माझी फाईल मागवली. तेव्हा चूक सापडली. सुट्टीवरून परतल्यावर ‘पुन्हा रुजू’ असा एक फॉर्म भरतात. मी तो १ जूनला भरून कॅम्प बॉसकडं दिला होता. त्यानं ड्रॉवरमध्ये ठेवला आणि महिन्यानं ऑफिसात पोचवला. ऑफिसनं शिक्का मारला त्या दिवसाची तारीख चढवली. हजेरी यार्डाची वेगळी, त्यावर पगार निघत राहिला. दोन टेबलांवरचे दोन कागद, दोन वर्षं एकमेकांना भेटलेच नाहीत.

“पहले बोलना था ना,” तो म्हणाला.

मी काही बोललो नाही. पण मागून येणाऱ्यांनो, रुजू झाल्याच्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट. माझ्याकडं तो असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

नवा कागद : ६,३६०. सही पैसे खात्यावर पडल्यावर, असं मी म्हटलं. त्यानं मान हलवली. रागावला होता की नव्हता, कळलं नाही.

राहिले तीन.

बुधवार, ९ एप्रिल

शेवटची पाळी. एका टाकीच्या फ्लँजचं वेल्डिंग. शिरोलीच्या फौंड्रीतून निघालो तेव्हा मला वाटायचं मला वेल्डिंग येतं. इथं एक्स-रे लावून टाका तपासतात. पहिल्याच महिन्यात माझे चार टाके खरवडून काढायला लावले होते.

दुपारी मेसेज आला, पैसे जमा. मग सही केली.

राहिले दोन.

गुरुवार, १० एप्रिल

व्हिसा रद्द झाल्याचा कागद आणि पासपोर्ट हातात आला. चार वर्षांत दुसऱ्यांदा. फोटोतला माणूस माझ्यापेक्षा जाड आहे.

खोक्यावर पेंट मार्करनं नाव, गाव, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर. निजामाबादवाल्यानं दोरी आवळली. त्याची गाठ सुटत नाही, कापावी लागते. एप्रिलचं पान फाडून खिशात घेतलं आणि राहिलेलं कॅलेंडर पंडितजींसाठी ग्रीलला तसंच ठेवलं. त्यांना डिसेंबरपर्यंत एकादश्या लागतील. ते स्वतः ऑक्टोबरात छठला जाणार आहेत. जाता जाता मेच्या पानावर त्यांनी पहिली फुली कुठं मारायची ते मला विचारून घेतलं. मी म्हटलं, सिवानमध्ये पण साडेदहालाच तारीख बदलते.

विमानतळावर चेक-इनच्या रांगेत साडेदहा झाले. पान काढलं, खोक्यावर ठेवून फुली मारली. मागचा मल्याळी माणूस वाकून बघत होता. त्याला वाटलं मी खोक्यातल्या सामानाची यादी करतोय.

राहिला एक.

शुक्रवार, ११ एप्रिल. मुंबई, मग गाडी

उतरताना घड्याळ दीड तास पुढं केलं. आयुष्यातला दीड तास असा फुकट जातो, किंवा परत द्यावा लागतो म्हणा. तो जाताना घेतला होता.

सकाळची कोयना पकडायचा बेत होता. पट्ट्यावर सगळ्यांचं सामान आलं, माझं खोकं येईना. आलं तेव्हा एक कोपरा फुटलेला आणि ब्लँकेटचं सुताडं बाहेर. बाहेर पडलो तोवर कोयना सुटून गेली असणार. यात्रेमुळं खाजगी बसचे दर असे, की मी कंडक्टरला दोनदा विचारलं. मग सीएसएमटीला जाऊन रात्रीच्या महालक्ष्मीची वाट बघत बसलो. दिवसभर. वडापाव तीन. खोक्यावर पाय टाकून झोप काढली.

जनरल डब्यात शिरलो आणि कान एकदम सुटले. चार वर्षं हिंदी, मल्याळी, तेलगू ऐकणारे कान. दारात कोण तरी म्हणत होता, “सरका की मालक वाईच, खोकं काय पोरगं हाय व्हय मांडीवर घ्यायला?” तो कागलचा निघाला. आठ-दहाजण ज्योतिबाला निघालेले, एकाच्या पिशवीत गुलालाची पुडकी, ती फुटून त्याची पाठ आधीच गुलाबी. मांडीवर घ्यायला काय झालं, म्हणून त्यांनीच खोकं आडवं करून त्यावर पत्ते मांडले.

पुणं गेलं तेव्हा बारा वाजून गेले होते. खिशातलं पान आठवलं. पण पत्त्यांचा डाव माझ्यावर होता.

शनिवार, १२ एप्रिल

मिरजेला जाग आली. हातकणंगले, मग रुकडीच्या पुलावरून पंचगंगा. ऊस तुटून गेलेली रानं, खोडव्याला पाणी. स्टेशनबाहेर भाऊ उभा होता. त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नाही, खोक्याकडं बघितलं. “फुटलंय की.”

शिवाजी पुलावर वाहनं तुंबलेली. ट्रॅक्टर, वडाप, बैलगाडीसुद्धा एक. ट्रॉल्यांतून सासनकाठ्या आडव्या निघालेल्या, टोकं मागं लांब लोंबणारी, टोकाला लाल फडकं बांधलेलं. टेम्पोला केर्लीपर्यंत यायला सव्वा तास लागला.

दारात आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पोरगी आली नाही. ती खांबामागून माझे बूट बघत होती. मी गेल्या खेपेला परतलो तेव्हा चार वर्षांची होती, तिची काय चूक? रंगपेटी दाखवली तर घेतली आणि परत खांबामागं.

दुपारी डोंगरावर. आमच्या गावची काठी ह्या साली भावाच्या खांद्यावर. पस्तीस फुटांचा बांबू, फेटे आणि कापड गुंडाळलेला. एकजण ती तोलतो, चौघं चार बाजूंनी दोर ताणून धरतात. मानाची पहिली काठी पाडळीची. ती हलली की मग बाकीच्या. मला दोर मिळाला. वेल्डरच्या हातांना घट्टे असतात, पण दोर वेगळ्याच जागी कापतो. खोबरं-गुलाल वरून येत होतं, ‘चांगभलं’ कुठून कुठवर चाललंय ते कळत नव्हतं. दोर ढिला पडला तर काठी कुणाच्या डोक्यात, त्यामुळं देवाकडं बघायला सवडच नव्हती. कळस तेवढा दिसला.

पालखी यमाईकडं निघायच्या आत मी खाली उतरायला लागलो, चालतच. गाड्या कुठं हलत होत्या? पायथ्याशी आलो तेव्हा नखशिखांत गुलाबी होतो.

घरात पाय ठेवला तर बायको उभी. हातात कॅन.

“आंघोळ मागनं करा. संस्था बंद हुती आता. रांग मोठी आसंल, आज पाहुण्यांच्या चहात निम्मं दूध गेलंय.”

तसाच गेलो. काट्यावर तीन लिटर भरलं. काटा बघणाऱ्या पोरानं मला ओळखलं नाही. गुलालामुळं असेल. बायकोच्याच नावावर पावती फाडली.

परत आलो. कॅलेंडर चुलीपलीकडच्या भिंतीवर, दोऱ्याला पेन्सिल बांधलेली. त्यावर कुठंच फुली नाही. १२ तारखेला छापलेला चंद्र, यात्रा, आणि तिच्या अक्षरात ‘स ३॥, सं’. पुढं कोरं.

“किती भरलं?” ती भाकरी थापत म्हणाली. “लिवा तुमीच, माझं हात पिठाचं हाईत.”

दोरा जरा आखूड होता. पेन्सिल ओढून ‘सं’च्या पुढं ३ लिहिलं. कागदावर गुलाबी अंगठा उठला.